नथीजवळची पुळी: मोबाइलवर बोटाच्या टोकाने केलेल्या हीलिंगचे एक प्रकरण

लग्नाच्या दिवशी सकाळी, मुहूर्तापूर्वी, खिडकीजवळ उभ्या असलेल्या एका वधूचे छायाचित्र तिच्या मावसभावाने मोबाइलवर काढले होते. नऊवारी शालू, कपाळावर चंद्रकोर, दोन्ही कानशिलांवरून खाली आलेल्या मुंडावळ्या आणि डाव्या नाकपुडीत मोत्यांची नथ असे ते खांद्यापर्यंतचे छायाचित्र होते, आणि व्यावसायिक छायाचित्रकाराच्या शेकडो छायाचित्रांपेक्षा घरच्यांना हेच अधिक आवडले होते. ते ८ × १० इंचांच्या चौकटीत लावायचे ठरले. अडचण एवढीच होती की उजव्या गालावर एक ताजी पुळी होती, नथीच्या अगदी शेजारी दुसरी होती आणि चंद्रकोरीखाली कुंकवाचे काही सुटे कण पडले होते. मावसभावाने मोबाइलवरच स्नॅपसीड या अॅपमधील हीलिंग टूलने ते काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा गालावर पुळीच्या जागी एक गुळगुळीत, लालसर फराटा उमटला आणि नथीच्या बाजूला अर्धा मोती जास्तीचा दिसू लागला. त्यानंतर ते छायाचित्र माझ्याकडे आले.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की या दोन चुका एकमेकींच्या उलट आहेत. गालावरचा फराटा बोट टेकल्यावर उमटणारी टूलची खूण लहान पडल्यामुळे आला होता आणि नथीजवळचा मोती खूण मोठी झाल्यामुळे आला होता. दोन्ही ठिकाणी टूल एकच होते, बोटही एकच होते आणि झूमही जवळपास तेवढाच होता. झूम एकच ठेवला, हेच खरे कारण होते.

आधी काय मागवून घेतले

माझ्याकडे आलेले छायाचित्र व्हॉट्सअॅपवरून आले होते, म्हणजे ते आकाराने लहान झालेले आणि दाबलेले होते. अशा प्रतीवर हीलिंग करू नये. जेपीईजी दाबताना चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे छोटे चौकोन पाडले जातात, आणि प्रत जास्त दाबली गेली की त्वचेचा बारीक पोत त्या चौकोनांमध्ये विरून जातो. हीलिंग टूलला शेजारून उचलण्यासाठी पोतच उरत नाही, त्यामुळे कितीही जपून काम केले तरी तिथे मेणाचा ठिपका लावल्यासारखे दिसते. म्हणून मूळ छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितले, कारण त्या मार्गाने फाइल जशीच्या तशी येते. तिच्यावर आधी कोणतेही फिल्टर लावलेले नाही आणि तिची तीक्ष्णता वाढवलेली नाही, हेही विचारून घेतले. तीक्ष्णता आधी वाढवली तर हीलिंगच्या ठिगळाची कड उठून दिसते. त्यामुळे हीलिंग आधी आणि डीटेल्स किंवा शार्पनिंग नंतर, हा क्रम मी कधीही मोडत नाही.

दुसरी गोष्ट विचारली ती वधूच्या आईला. काय काढायचे आणि काय ठेवायचे, हे छायाचित्र पाहणाऱ्याने स्वतःच्या मनाने ठरवू नये. त्या म्हणाल्या, “पुळ्या चार दिवसांच्या असतात, त्या काढा, पण अहो, हनुवटीवरचा तीळ तेवढा राहू द्या, तो तिच्या आजीचा आहे.” काम सुरू करण्यापूर्वी तीळ कुठे आहे ते पाहून ठेवले, कारण मोठ्या झूमवर तीळ आणि पुळी यांत फरक करणे अवघड जाते आणि बोट सवयीने तिकडे वळते.

बोट आणि पिक्सेल यांचा हिशेब

मूळ छायाचित्र ३००० × ४००० पिक्सेलचे होते आणि मोबाइलच्या पडद्याची रुंदी सुमारे ६८ मिलिमीटर होती. छायाचित्र पडद्यावर पूर्ण दिसत असताना पडद्याच्या एका मिलिमीटरमध्ये मूळ चित्राचे जवळपास ४४ पिक्सेल येतात. गालावरची पुळी, तिच्याभोवतीच्या लालीसह, सुमारे ३६ पिक्सेल रुंद होती, म्हणजे पडद्यावर एक मिलिमीटरही नाही. बोटाचे टोक काचेला टेकते तेव्हा त्याचा ठसा साधारण ८ मिलिमीटरचा पडतो, आणि तेवढ्या जागेत मूळ चित्राचे साडेतीनशे पिक्सेल मावतात. झूम न करता पुळीवर बोट ठेवणाऱ्याला पुळी दिसतच नाही. त्याच्या बोटाखाली गालाचा बराचसा भाग असतो आणि नेमका कोणता बिंदू टेकला हे फोन ठशाच्या मध्यावरून ठरवतो. तो मध्य नखाच्या टोकाशी नसतो. बोट जितके आडवे टेकवावे तितका तो नखापासून मागे सरकतो, म्हणून बोट शक्य तितके उभे धरावे लागते.

सहा पट झूम केल्यावर हिशेब बदलतो. एका मिलिमीटरमध्ये सातेक पिक्सेल उरतात आणि तीच पुळी पाच मिलिमीटरची दिसते. आता ती बोटाच्या ठशाच्या जवळपास येते, आणि मध्य अर्धा मिलिमीटर चुकला तरी मूळ चित्रात तीन-चार पिक्सेलांचाच फरक पडतो.

झूमचा याहून मोठा उपयोग दुसराच आहे. स्नॅपसीडच्या हीलिंगमध्ये ब्रशचा आकार कमी-जास्त करण्याची पट्टी नाही. पडद्यावर उमटणाऱ्या लाल खुणेचा आकार तसाच राहतो आणि चित्र तिच्याखाली लहान-मोठे होते. म्हणजे ब्रश मोठा हवा असेल तर झूम कमी करायचा आणि लहान हवा असेल तर झूम वाढवायचा. मावसभावाने एकदा सोयीचा झूम ठरवला आणि त्याच झूमवर सर्व डागांवरून बोट फिरवले. पुळीचा आकार, कुंकवाच्या कणाचा आकार आणि नथीपर्यंतचे अंतर ही तिन्ही वेगळी असताना ब्रश मात्र एकच राहिला.

फराटा का उमटला

हीलिंग म्हणजे शेजारचा तुकडा उचलून डागावर चिकटवणे नव्हे. ते काम क्लोन टूलचे. हीलिंगमध्ये पोत शेजारच्या जागेतून घेतला जातो, पण रंग आणि उजेड हे खुणेच्या कडेवरच्या पिक्सेलांशी जुळवून आतपर्यंत हळूहळू पसरवले जातात. फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत २००२ मध्ये हीलिंग ब्रश आला तेव्हापासून अशा साधनांमागची मूळ कल्पना हीच आहे. मोबाइलवरच्या टूलमध्ये पोत कुठून घ्यायचा हे अॅप स्वतः ठरवते, एवढाच फरक आहे.

यातून व्यवहारात एक फार महत्त्वाची गोष्ट निघते: खुणेची कड ज्या त्वचेवर पडेल तिचाच रंग खुणेच्या आत भरला जातो. कड पूर्णपणे स्वच्छ त्वचेवर पडली तर आत स्वच्छ त्वचा भरते. गालावरच्या पुळीचा टोकदार मधला भाग जेमतेम १५ पिक्सेलचा होता, पण तिच्याभोवतीची लाली ३६ पिक्सेलपर्यंत पसरली होती. पहिल्या प्रयत्नात खूण मधल्या भागाइतकीच उमटली, तिची कड लालीवर पडली आणि तो लाल रंग आत भरला गेला. पुळीचा उंचवटा गेला, पण लाल डाग राहिला, आणि आता त्यावर त्वचेची छिद्रेही दिसेनाशी झाली. डाग राहिला म्हणून मावसभावाने पुन्हा तिथेच बोट फिरवले, या वेळी ओढून. दुसऱ्या वेळी टूलने पोत घेतला तो पहिल्या दुरुस्तीने आधीच मऊ झालेल्या जागेच्या आसपासून. प्रत्येक फेरीत पोत आणखी विरघळत गेला आणि बोट ज्या दिशेला ओढले त्या दिशेने लांबट गुळगुळीत पट्टा तयार झाला. लोक याला डाग पसरला असे म्हणतात, पण डाग बोटाने पसरत नाही. चुकीच्या कडेवरचा रंग आत ओढला जातो आणि पोत वारंवार उसना घेतला जातो.

म्हणून मी दुरुस्तीवर दुरुस्ती केली नाही. मूळ फाइलपासूनच सुरुवात केली.

गालावरची पुळी

प्रथम खुणेचा आकार पाहून घेतला. पार्श्वभूमीच्या भिंतीवर, जिथे काही बिघडण्यासारखे नाही, तिथे बोट एकदा टेकवले, उमटलेली लाल खूण किती मोठी आहे ते लक्षात ठेवले आणि खालच्या बाणाने ती कृती मागे घेतली. फोन बदलला की हे अनुमान बदलते, त्यामुळे ही चाचणी कोणत्याही फोनवर एकदा करून घ्यावी.

नंतर गालाकडे आलो. झूम केल्यावर कोपऱ्यात चित्राची छोटी प्रतिमा आणि तिच्यावर आपण नेमके कुठे आहोत ते दाखवणारा चौकोन दिसतो. त्या चौकोनाला सरकवून जागा बदलता येते. दोन बोटांनी सरकवण्यापेक्षा मला हे अधिक सुरक्षित वाटते, कारण दोन बोटांपैकी एक आधी टेकले तर कधी कधी नको तिथे खूण उमटते. पुळी लालीसह खुणेच्या आत बसेल आणि भोवती स्वच्छ त्वचेची बारीक कड उरेल एवढाच झूम ठेवला. त्याहून जास्त झूम केला असता तर खूण पुन्हा लहान पडली असती. म्हणजे ‘जितका झूम तितके चांगले’ हा समज इथे खरा नाही.

बोट उभे धरून एकदाच टेकवले आणि न सरकवता सरळ वर उचलले. उचलताना बोट किंचित गडगडते आणि खुणेला शेपूट फुटते. ते टाळण्यासाठी हाताची करंगळी फोनच्या कडेला टेकवून ठेवावी आणि फोन हातात न धरता मेजावर ठेवावा. एका टेकवण्यात पुळी गेली, त्वचेची छिद्रे तशीच राहिली आणि गालावरून खिडकीच्या बाजूने येणारा उजेडाचा हलका उतारही तुटला नाही. एका टेकवण्यात जमले नसते तर मी त्यावर दुसरे टेकवले नसते. मागे घेऊन, झूम थोडा बदलून पुन्हा पहिले टेकवले असते. हीच सवय सर्वांत उपयोगाची आहे.

कुंकवाचे कण

चंद्रकोरीखालचे पाच-सहा कण प्रत्येकी सात-आठ पिक्सेलचे होते, त्यामुळे झूम बराच वाढवावा लागला. इथे कडेपेक्षा क्रम महत्त्वाचा होता. कण एकमेकांजवळ असतात तेव्हा पहिल्या कणाची जागा भरण्यासाठी टूल शेजारच्या कणाचाच तुकडा उचलते आणि कण जागा बदलून पुन्हा उगवतो. म्हणून सर्वांत बाहेरचा, मोकळ्या कपाळाच्या बाजूचा कण आधी काढला आणि एकेक करत आत, चंद्रकोरीकडे गेलो. प्रत्येक काढलेल्या कणामुळे पुढच्यासाठी स्वच्छ त्वचा वाढत गेली.

चंद्रकोरीला जवळजवळ चिकटलेला शेवटचा कण मात्र ठेवला. तो काढायला गेल्यावर खुणेची कड चंद्रकोरीवर पडत होती आणि कोरीव टोक बोथट होत होते. चंद्रकोरीची रेघ किंचित खडबडीत असणे हे हाताने लावलेल्या कुंकवाला साजेसेच आहे. एका कणासाठी ती बिघडवणे योग्य नव्हते.

नथीजवळची पुळी

या जागेवर सर्वांत जास्त वेळ गेला. पुळी नाकपुडीच्या घडीत होती आणि नथीच्या बाहेरच्या मोत्यापासून तिचे अंतर पंचवीसेक पिक्सेलच होते. गालावर चाललेला झूम इथे वापरला तर खूण मोत्याला शिवत होती. मोत्याची चमकदार कड खुणेच्या कडेवर आली की दोन गोष्टी घडतात: मोत्याचा पांढरा रंग त्वचेत ओढला जातो, आणि टूलला ‘इथे मोती असतो’ असे वाटून ते पोतासाठी दुसऱ्या मोत्याचा तुकडा आणते. पहिल्या प्रयत्नातला अर्धा मोती असाच आला होता.

स्नॅपसीडमध्ये पोत कुठून घ्यावा हे आपल्याला सांगता येत नाही. तेव्हा झूम वाढवून खूण पुळीपेक्षाही लहान केली आणि पुळी एका टेकवण्यात काढण्याचा विचार सोडला. मोत्यापासून दूरच्या बाजूने, जिथे खुणेची निम्मी कड स्वच्छ गालावर पडेल अशा जागी पहिले टेकवले. लालीचा बाहेरचा भाग गेला आणि स्वच्छ त्वचेची हद्द मोत्याच्या दिशेने थोडी पुढे सरकली. दुसरे टेकवणे त्या नव्या हद्दीवरून केले. वर सांगितले की लहान खूण लाली आत ओढते. इथे ती कमी ओढली गेली, कारण प्रत्येक वेळी खुणेचा मोठा भाग आधीच स्वच्छ झालेल्या बाजूला ठेवला होता. तरी हा मार्ग केवळ दोन-तीन टेकवण्यांपुरता चालतो, त्यापुढे पोत विरघळू लागतो.

दुसऱ्या टेकवण्यात एकदा नाकपुडीच्या घडीची सावली गालावर आली. मागे घेऊन बोट केसभर डावीकडे टेकवले, तेव्हा टूलने वेगळी जागा निवडली आणि ती बरोबर ठरली. खूण किंचित सरकली तरी स्रोत बदलू शकतो, हे लक्षात ठेवले तर निराश व्हायची वेळ कमी येते. पण तिसरे टेकवणे, जे मोत्याला अगदी लागून होते, ते कोणत्याही बाजूने जमेना. प्रत्येक वेळी मोत्याची कड दंतुर होत होती.

तिथे हीलिंग थांबवले आणि टिकचिन्ह दाबून झालेले काम पक्के केले. उरलेली होती ती फक्त मोत्याजवळची लाली. उंचवटा आता दिसत नव्हता. लाली हा रंगाचा प्रश्न आहे, पोताचा नाही, म्हणून तो रंगाच्या टूलने सोडवावा. स्नॅपसीडच्या ब्रश टूलमध्ये सॅच्युरेशन उणे पाचवर ठेवून, तेवढ्याच झूमवर, त्या जागेवर एकदा बोट फिरवले. लाली फिकी झाली. उणे दहावर नेले असते तर त्वचा राखाडी दिसली असती, आणि मोत्याशेजारी राखाडी ठिपका लालीपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. ज्यांच्याकडे लाइटरूमच्या मोबाइल आवृत्तीतील सशुल्क हीलिंग आहे त्यांना स्रोताची जागा बोटाने ओढून गालाच्या मोकळ्या भागावर नेता येते आणि ब्रशचा आकार झूमशिवाय बदलता येतो. अशा कडेच्या जागांसाठी ती सोय खरोखर मोलाची आहे. तिथेही खूण मोत्याला शिवू न देण्याचे पथ्य मात्र तसेच राहते.

तपासणी

मोठ्या झूमवर प्रत्येक दुरुस्ती निर्दोष वाटते, कारण डोळ्यांसमोर तुलना करायला शेजारचा भाग फारसा नसतो. म्हणून छायाचित्र पूर्ण दिसेल इतके लहान करून, बोट दाबून धरून मूळ आणि नवे आलटून पालटून पाहिले. जिथे काही हलल्यासारखे वाटेल तिथे ठिगळ असते. नंतर डीटेल्समध्ये जाऊन स्ट्रक्चर तात्पुरते भरपूर वाढवले. या अतिरेकी अवस्थेत पोत उठून येतो आणि जिथे पोत विरघळला आहे तो भाग सपाट बेटासारखा वेगळा पडतो. गाल आणि कपाळ ठीक होते. नथीजवळ एक लहानसा सपाट भाग दिसला, पण तो घडीच्या सावलीत असल्याने स्वीकारला. स्ट्रक्चरचा बदल फुलीने रद्द केला. तो केवळ पाहण्यासाठी होता.

शेवटचा हिशेब छपाईचा. ८ इंच रुंदीत ३००० पिक्सेल म्हणजे इंचाला ३७५, त्यामुळे मूळची गालावरची पुळी लालीसह छापील प्रतीत जवळपास अडीच मिलिमीटरची दिसली असती. हातभर अंतरावरून ती नक्की नजरेत आली असती आणि ती काढणे आवश्यकच होते. कपाळावर ठेवलेला तो एकटा कण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास छापला जाणार होता आणि चंद्रकोरीचाच भाग वाटणार होता. नथीजवळच्या फिक्या लालीबद्दल वधूच्या आईला आधीच सांगितले, आणि मोत्याची कड बिघडवून ती पूर्ण काढण्यापेक्षा ती राहू द्यावी हे त्यांना पटले. फाइल वेगळी प्रत म्हणून जतन केली, मूळ छायाचित्र तसेच ठेवले आणि छपाईसाठी ती पुन्हा डॉक्युमेंट म्हणूनच पाठवली.